ठिबकाच्या शेवटच्या ओळी दरवर्षी का मागे पडतात? बाटली आणि गेज घेऊन दोष शोधा

आपल्या संस्थेच्या सभासदांची ठिबकाबद्दलची एक तक्रार दर हंगामात येते. पहिल्या वर्षी सगळं रान एकसारखं येतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कडेच्या ओळी आणि नळ्यांचे शेंडे पिवळे पडू लागतात. मग पंप जास्त वेळ चालवला जातो, सुरुवातीच्या झाडांपाशी चिखल होतो आणि शेवटची झाडं तशीच राहतात. पुढच्या वर्षी नळ्या गुंडाळून बांधावर टाकल्या जातात आणि पाणी पुन्हा पाटाने सुरू होतं.

ठिबकाने पाणी वाचतं, खत मुळाशी पोचतं, ओळींच्या मधला पट्टा कोरडा राहिल्याने तण कमी येतं. हे सगळं खरं आहे, पण एका अटीवर: प्रत्येक ड्रीपरमधून जवळपास सारखंच पाणी पडलं पाहिजे. ही समानता गेली की फायदाही गेला. म्हणून इथे एकच गोष्ट सविस्तर मांडतो. समानता कशी मोजायची, ती दाबामुळे बिघडली की ड्रीपर चोंदल्यामुळे हे कसं ओळखायचं आणि त्यावर उपाय काय. खर्च आणि अनुदानाचं शेवटी सांगितलं आहे, कारण हा दोष पुष्कळदा खरेदीच्या वेळीच आत शिरलेला असतो.

उदाहरणाचं रान

एक एकर ऊस घेऊ. ओळींत ५ फूट म्हणजे दीड मीटर अंतर, नळी १६ मिमीची इनलाइन, ड्रीपर ४० सेंमीवर, प्रत्येकी ताशी ४ लिटरचा. प्रत्येक नळी ६० मीटर लांब आणि अशा ४५ ओळी, म्हणजे एकूण २,७०० मीटर नळी. सबमेन एका कडेने गेलेली आहे आणि दोन व्हॉल्व्हवर रान विभागलं आहे. त्यातल्या २२ ओळींच्या भागाला ताशी साधारण १३,२०० लिटर पाणी लागतं.

या मांडणीत एका ड्रीपरच्या वाट्याला ०.६ चौरस मीटर जमीन येते. ताशी ४ लिटर म्हणजे जमिनीवर साधारण ६.७ मिमी पाणी. उन्हाच्या दिवसात पिकाला रोज ६ मिमी लागतं असं धरलं, तर एका भागाला ५५ मिनिटं पुरतात. हा हिशोब मुद्दाम देतो आहोत, कारण तोच भाग तीन-तीन तास चालू ठेवलेला आपण सगळेच पाहतो.

बाटलीची तपासणी

साहित्य साधं आहे: एक मापाचा ग्लास (औषधाच्या दुकानात मिळतो), सोळा सारखे डबे आणि घड्याळ. भाग सुरू करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे नळ्यांतली हवा निघून दाब स्थिर होतो. मग सबमेनवरची पहिली, आठवी, पंधरावी आणि शेवटची अशा चार ओळी निवडा. प्रत्येक ओळीत चार जागा घ्या: सुरुवात, एक तृतीयांशावर, दोन तृतीयांशावर आणि शेंडा. ड्रीपरखाली मूठभर माती काढून डबा बसवा. इनलाइन नळीत पाणी थेंबाथेंबाने पडण्याऐवजी नळीच्या पोटाला धरून पुढे सरकतं आणि डब्याच्या बाहेर पडतं. त्यासाठी ड्रीपरच्या दोन्ही बाजूंना चार बोटांवर सुती दोरा घट्ट बांधा आणि दोन्ही दोऱ्यांची टोकं डब्यात सोडा. एवढं केलं नाही तर मोजमाप कमी येतं आणि चांगल्या ड्रीपरवर विनाकारण आळ येतो.

बरोबर तीन मिनिटं पाणी जमवा. ताशी ४ लिटरच्या ड्रीपरमधून तीन मिनिटांत २०० मिली यायला हवं. आपल्या उदाहरणातले आकडे असे धरू. पहिल्या ओळीत २०५, २००, १९०, १७५. आठवीत २००, १९५, १८०, १६०. पंधरावीत १९५, १८५, १६५, १३५. शेवटच्या ओळीत १८५, १७०, १४०, १००.

सोळा आकड्यांची सरासरी येते १७४ मिली. आता सगळ्यात कमी असलेले चार आकडे घ्या: १००, १३५, १४०, १६०. त्यांची सरासरी १३४. याला १७४ने भागून शंभरने गुणलं की समानता मिळते, इथे ७७ टक्के. ९० किंवा त्याहून जास्त असेल तर उत्तम, ८० ते ९० चालतं, ८०च्या खाली गेलं की दुरुस्ती हवी आणि ७०च्या खाली गेलं तर पंपाचा वेळ वाढवून काहीही साधत नाही.

का साधत नाही ते याच आकड्यांत दिसतं. शेवटच्या शेंड्याला तीन मिनिटांत १०० मिली, म्हणजे तासाला २ लिटर मिळतं. त्या झाडाला ६ मिमी पाणी द्यायचं तर १ तास ४८ मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पहिल्या ओळीच्या सुरुवातीला १२ मिमीच्या वर पाणी पडलेलं असतं, म्हणजे गरजेच्या दुप्पट. जास्तीचं पाणी तर मुळांखाली जातंच, पण त्याच्यासोबत युरियाही जातो. तो मात्र कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

दाब की चोंदणं, हे गेजने ठरवा

इथेच बहुतेक जण चुकीचा उपाय करतात. दाब कमी असताना ॲसिड सोडतात आणि ड्रीपर चोंदलेले असताना मोठा पंप बसवतात. ते टाळायला तीन-चारशे रुपयांचा दाबमापक गेज आणि त्याला १६ मिमी नळीचा जोड एवढंच लागतं. ज्या शेंड्याला पाणी कमी आलं तिथली एंड कॅप काढा, गेज बसवा आणि भाग चालू असताना दाब वाचा.

साध्या ड्रीपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. १ किलो दाबाला तीन मिनिटांत २०० मिली येत असेल, तर ०.८ किलोला १७९, ०.६ला १५५, अर्ध्या किलोला १४१ आणि पाव किलोला १०० मिली यायला हवं. गेजवरच्या दाबाला जेवढं पाणी यायला हवं तेवढंच येत असेल, तर ड्रीपर स्वच्छ आहे आणि दोष दाबाचा आहे. त्याहून बरंच कमी येत असेल तर ड्रीपर चोंदलेला आहे. (दाब-नियंत्रित ड्रीपरला हा हिशोब लागू नाही. तो ठरावीक दाबाच्या वर सारखंच पाणी देतो, त्यामुळे त्यात फरक दिसला तर चोंदण्याचाच संशय घ्या.)

आपल्या रानात पहिल्या ओळीच्या शेंड्याला गेज ०.८ दाखवतो असं धरा. तिथे १७९ यायला हवं आणि आलं १७५. ड्रीपर ठीक आहेत, फक्त ६० मीटर लांबीत दाब उतरला. शेवटच्या ओळीच्या सुरुवातीला गेज ०.९ दाखवतो, तिथे १९० अपेक्षित आणि आलं १८५. तेही ठीक. पण त्याच ओळीच्या शेंड्याला गेज ०.७५ दाखवतो, म्हणजे १७३ यायला हवं आणि आलं फक्त १००. हे चोंदणं आहे. एकाच रानात दोन्ही दोष आहेत आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत.

गेज नसेल तर एक ढोबळ खूण लक्षात ठेवा. नळीवर पुढे पुढे पाणी क्रमाने कमी होत जात असेल तर दाब पाहा. शेजारशेजारच्या ड्रीपरमध्ये एकाला १९० आणि दुसऱ्याला ४० असा उलटसुलट फरक असेल तर चोंदणं पाहा.

दाबाचे दोष

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडणं. वीज थोडेच तास असते, म्हणून घाईत सगळं रान एकदम भिजवायला घेतलं जातं. मग ताशी २७,००० लिटरची गरज त्या पंपावर पडते आणि दाब निम्म्यावर येतो. वर पाहिलंच की एका भागाला ५५ मिनिटं पुरतात. दोन भाग एकामागून एक चालवले तरी दोन तासांच्या आत काम होतं.

दुसरं कारण लांबीचं. १६ मिमीची नळी, ४० सेंमीवर ४ लिटरचे ड्रीपर, सपाट जमीन, अशा मांडणीत ५० मीटरच्या पुढे नळी नेली की शेंड्याचं पाणी दहा टक्क्यांहून जास्त उतरतं. ६० मीटरच्या ओळींना चांगला मार्ग म्हणजे सबमेन रानाच्या मधून घेऊन दोन्ही बाजूंना ३०-३० मीटर नळी सोडणं. नळीची एकूण लांबी तेवढीच राहते. नवं बसवताना हे जवळपास फुकटात होतं, नंतर मात्र चर पुन्हा खोदावा लागतो. लांबी कमी करता येत नसेल तर पुढच्या वेळी ताशी २ लिटरचे ड्रीपर असलेली नळी घ्या आणि वेळ दुप्पट ठेवा.

तिसरं कारण फिल्टर. फिल्टरच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे गेज हवा. स्वच्छ स्क्रीन फिल्टरमध्ये दाबाचा फरक ०.१ ते ०.३ किलो असतो. तो अर्ध्या किलोवर गेला की त्याच दिवशी जाळी धुवायची. उलट फरक एकाएकी शून्यावर आला तर आनंद मानू नका, जाळी फाटलेली असण्याची शक्यता जास्त. जाळी बाहेर काढून उन्हाकडे धरून पाहा, फाटलेली जागा लगेच दिसते.

चोंदलेला ड्रीपर उघडून पाहा

शेंड्याकडचा एक वाईट ड्रीपर नळीसकट कापून घ्या आणि ब्लेडने उभा चिरा. आत नागमोडी अरुंद वाट असते. तिच्यात काय साचलंय यावर पुढचा उपाय ठरतो. बोटांना खरखरीत लागणारी माती किंवा वाळू असेल तर दोष फिल्टरचा आणि फ्लशिंगचा. हिरवट-तपकिरी बुळबुळीत थर असेल तर शेवाळ आणि जिवाणू, शेततळ्याच्या आणि कालव्याच्या पाण्यात हेच जास्त. पांढरा कडक थर असेल आणि त्यावर ॲसिडचा थेंब टाकताच फसफसला तर चुन्याचे क्षार. गंजासारखा तांबूस चिकट गाळ असेल तर पाण्यात लोह आहे. पांढरा थर फसफसत नसेल तर खतांचा साका समजा. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० किंवा ०:०:५० एकाच बादलीत कालवलं की असा साका धरतो.

ड्रीपरमध्ये सुई किंवा टाचणी घालू नका. वाट मोठी होते, त्या जागी कायमचं जास्त पाणी पडतं आणि समानता आणखी घसरते.

आधी फ्लशिंग, मग रसायन

नळीत साचलेला गाळ बाहेर न काढता ॲसिड सोडलं तर तोच गाळ सुटून पुढच्या ड्रीपरात बसतो. म्हणून क्रम पाळा. आधी सँड फिल्टर उलट्या प्रवाहाने धुवा, मग स्क्रीन. त्यानंतर सबमेनच्या टोकाचा फ्लश व्हॉल्व्ह नितळ पाणी येईपर्यंत उघडा ठेवा आणि सगळ्यात शेवटी नळ्या.

नळ्यांच्या एंड कॅप एका वेळी तीन-चारच काढा. सगळ्या एकदम काढल्या तर प्रत्येक नळीत पाणी इतकं संथ वाहतं की गाळ हलतच नाही, आणि मालकाला वाटतं धुऊन झालं. वेग पुरेसा आहे की नाही हे बादलीने कळतं. उघड्या शेंड्यातून मिनिटाला निदान साडेचार लिटर पाणी पडलं पाहिजे. कमी पडत असेल तर दोनच कॅप काढा. आधी तांबूस-काळपट पाणी येतं, मग नितळ. नितळ झाल्यावरही अर्धा मिनिट वाहू द्या. विहिरीच्या पाण्यावर पंधरा दिवसांनी आणि शेततळ्याच्या पाण्यावर आठवड्याने एवढं केलं, तर पुष्कळ रानांत रसायनाची गरजच पडत नाही.

चुन्याच्या थरासाठी ॲसिड

किती ॲसिड लागेल हे पाणी सांगतं, शेजारी नाही. आपल्या विहिरीचं १० लिटर पाणी प्लास्टिकच्या बादलीत घ्या. त्यात व्यापारी हायड्रोक्लोरिक ॲसिड मिली-मिलीने टाका, ढवळा आणि सामूपट्टीने पाहा. सामू ४ आला की थांबा. समजा ६ मिली लागलं, म्हणजे लिटरला ०.६ मिली.

आपल्या भागातून १५ मिनिटांत ३,३०० लिटर पाणी जातं. त्याला लागलं साधारण २ लिटर ॲसिड. वेंचुरी १५ मिनिटांत किती ओढते ते आधी साध्या पाण्याने मोजून घ्या. ती १५ लिटर ओढत असेल तर प्लास्टिकच्या कॅनमध्ये १३ लिटर पाणी घेऊन त्यात २ लिटर ॲसिड हळूहळू ओता. नेहमी पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. रबरी हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा.

शेवटच्या शेंड्याच्या पाण्याचा सामू ४ दिसला की पंप बंद करा. २४ तास तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी सबमेन आणि नळ्या वर सांगितल्याप्रमाणे फ्लश करा, मग तेच सोळा डबे पुन्हा लावा. आकडे सुधारले नाहीत तर एकदा आणखी करून पाहा. तरीही १०० मिलीच्या आसपास राहिलेल्या नळीचा तो तुकडा बदलणंच स्वस्त पडतं. हे काम लागणीआधी किंवा दोन पिकांच्या मधल्या काळात करावं, कोवळ्या रोपांवर नको.

शेवाळासाठी क्लोरीन लागतं. १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट घेतलं तर वरच्याच १५ मिनिटांच्या पाण्याला ६६० मिली पुरतं, तेवढ्याने पाण्यात २० पीपीएम क्लोरीन येतं. ठेवण्याचा आणि फ्लशिंगचा क्रम तोच. जड पाण्याला ब्लीचिंग पावडर टाळा, तिच्यातला चुना उलट थर वाढवतो. ॲसिड आणि क्लोरीन एका कॅनमध्ये किंवा एकाच दिवशी कधीही वापरू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. क्लोरीन सोडल्यावर काही दिवस ट्रायकोडर्मा, रायझोबियम अशी जैविक खतं ठिबकातून देऊ नका, ती मरतात. पाण्यात लोह असेल तर क्लोरीनने ते नळीतच साकळतं. असं पाणी आधी हौदात उंचावरून पाडून एक दिवस निवळू द्यावं.

खतांच्या साक्याला प्रतिबंध हाच उपाय. दोन खतं एकत्र द्यायची असतील तर त्याच प्रमाणात एक लिटर पाण्यात काचेच्या बाटलीत मिसळून दोन तास ठेवा. दुधाळ झालं तर ती वेगवेगळ्या दिवशी द्या. खत संपल्यावर निदान १५ मिनिटं साधं पाणी चालू ठेवा.

खर्च खरा किती येतो

वरच्या एक एकर मांडणीसाठी आयएसआय मार्क नळी मीटरला साधारण १० ते १३ रुपये धरली तर नळीचेच २७ ते ३५ हजार होतात. सबमेन, मेन, व्हॉल्व्ह, जोड आणि चर खोदाई मिळून १२ ते १८ हजार. स्क्रीन फिल्टर आणि वेंचुरी ६ ते ९ हजार. शेततळं किंवा कालव्याचं पाणी असेल तर सँड फिल्टर हवाच, त्याचे १५ ते २५ हजार वेगळे. बोअरला वाळू येत असेल तर हायड्रोसायक्लॉनचे आणखी. म्हणजे विहिरीच्या नितळ पाण्यावर एकरी ४५ ते ६२ हजार आणि गढूळ पाण्यावर ६० ते ८७ हजार. हे अंदाज आहेत, कंपनी, रानाचा आकार आणि पाण्यापासूनचं अंतर यांनुसार आकडा हलतो. दोन-तीन लेखी कोटेशन घ्याच.

कोटेशन कमी करायचं म्हणून सगळ्यात आधी सँड फिल्टर, गेज आणि फ्लश व्हॉल्व्ह वगळले जातात. वर सांगितलेले निम्मे दोष तिथूनच सुरू होतात. पैसे कमी पडत असतील तर आधी अर्ध्या एकरावर पूर्ण संच बसवा. फिल्टर पुढच्या क्षमतेचा घ्या आणि नळ्या नंतर वाढवा.

वर्षाला देखभालीलाही पैसे राखून ठेवा. ॲसिड, क्लोरीन, एंड कॅप, जोड आणि उंदीर-खारींनी कुरतडलेल्या नळीचे तुकडे मिळून एकरी दीड-दोन हजार लागतात.

अनुदान पाहिल्याशिवाय पावती फाडू नका

केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. महाराष्ट्रात मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून त्यावर पूरक रक्कम मिळून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. मर्यादा ५ हेक्टरची. दर, निकष आणि निधीची उपलब्धता बदलत राहते, म्हणून अर्जाच्या आठवड्यातच महाडीबीटी शेतकरी पोर्टलवर आणि तालुका कृषी कार्यालयात चालू वर्षाची स्थिती विचारा.

दोन गोष्टींत सभासदांची गफलत होते. एक, टक्केवारी तुमच्या बिलावर नसते. ओळींच्या अंतरानुसार शासनाने ठरवलेल्या खर्चमर्यादेवर असते. समजा बिल ७० हजार झालं आणि तुमच्या मांडणीला मंजूर खर्च ५० हजार धरला गेला, तर ८० टक्क्यांनी ४० हजार मिळतील आणि तुमच्या खिशातून ३० हजार जातील, १४ हजार नाही. दुसरी, पूर्वसंमती हाती येण्याआधी खरेदी केली तर प्रकरण अडकतं. आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग नोंदणीकृत विक्रेत्याकडून जीएसटीसह पक्कं बिल, मग बसवणी आणि मोक्यावर तपासणी, असाच क्रम ठेवा. अनुदान तपासणीनंतर आधार जोडलेल्या खात्यात येतं, तोवरची पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करायची असते. सातबारा, ८-अ, बँक पासबुक आणि फार्मर आयडी यांवरची नावं एकमेकांशी जुळतात का ते अर्जाआधी पाहा.

विक्रेत्याने दिलेला आराखडाही सही करण्यापूर्वी वाचा. त्यात नळीची जास्तीत जास्त लांबी, प्रत्येक व्हॉल्व्हचा प्रवाह आणि फिल्टरचा प्रकार लिहिलेला असलाच पाहिजे. तो आराखडा आणि पहिल्या आठवड्यात मोजलेले सोळा आकडे एकाच वहीत जपून ठेवा. पुढच्या वर्षी कुठल्या ओळीत किती घट झाली ते त्यांच्याशी ताडूनच कळतं. आकडे ८० टक्क्यांच्या खाली आले आणि कारण सापडत नसेल, तर वही आणि चिरलेला ड्रीपर घेऊन संस्थेच्या कार्यालयात या.